पूर्णविराम काढला तर काय होतं: मुक्तछंद लिहू लागलेल्यांसाठी

आपल्या खान्देशात कविता बहुतेकांना आधी ऐकू येते, वाचायला नंतर मिळते. जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, गावातली कविसंमेलनं. पहिलं मराठी कविसंमेलन १९०७ साली जळगावातच भरलं, आणि धरणगावच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं तेही तिथे कविता म्हणून दाखवल्यावर. आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या कागदावर उतरवल्या त्या दुसऱ्यांनी. म्हणणारा समोर असतो तेव्हा कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा हे त्याचा गळा सांगतो. कागदावर गळा नसतो. छंदातल्या कवितेत निदान यमक आणि मात्रा थांबे दाखवून देतात. मुक्तछंद म्हणून आज आपण जे लिहितो त्यात तेही नसतं. ओळ कुठे मोडली, मोकळी जागा कुठे सोडली आणि विरामचिन्ह कुठे ठेवलं किंवा काढलं, एवढ्यावरच वाचणाऱ्याचा श्वास चालतो.

नवी मंडळी या बाबतीत दोन टोकांना असतात. एक तर शाळेत शिकवलं तसं प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, कडव्याच्या शेवटी पूर्णविराम आणि जिथे फार वाईट वाटलं तिथे तीन ठिपके. नाहीतर ‘आधुनिक कवितेत विरामचिन्हं नसतात’ असं कुठेतरी ऐकून सगळी सरसकट पुसून टाकतात. दोन्हीकडे निर्णय घ्यायचा राहून जातो. तो कसा घ्यायचा हे एकाच छोट्या कवितेवर सावकाश करून पाहू.

आधी मराठीची चाल समजून घ्या

आपली जुनी खूण म्हणजे दंड. पोथीत ओवी संपली की दोन दंड, मध्ये आकडा, पुन्हा दोन दंड. हा दंड वाक्य संपलं असं सांगत नाही, चरण किंवा ओवी संपली असं सांगतो. वाक्य त्याच्या पलीकडे पुढच्या ओवीत खुशाल चालू राहू शकतं. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आली; मराठीत ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. ही चिन्हं वाक्याच्या रचनेसाठी आहेत. म्हणजे एक खूण लयीची आणि दुसरी व्याकरणाची. मुक्तछंदात मोजून घेतलेली लय नसते, म्हणून तिथे दंडाला आपसूक काही काम उरत नाही. तरीही कुणी तो वापरला तर वाचणाऱ्याला पोथी आठवते. पोथी आठवायला हवी असेल, तरच वापरा.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. इंग्रजीत वाक्य संपल्याच्या दोन खुणा असतात, आधी पूर्णविराम आणि मग पुढच्या शब्दाचं कॅपिटल अक्षर. तिथला कवी पूर्णविराम काढून कॅपिटल ठेवू शकतो, वाचणारा हरवत नाही. देवनागरीत कॅपिटल नाही. आपण पूर्णविराम काढला की डोळ्याला दिसणारी एकुलती एक खूण जाते. तरी मराठी कविता चिन्हांशिवाय वाचता येते, कारण आपलं वाक्य साधारणपणे क्रियापदावर संपतं. ‘सुटला’, ‘उठले’, ‘म्हणाली’ हे शब्द आले की वाक्य मिटलं हे कानाला कळतं. पूर्णविरामाचं काम क्रियापद करत असतं.

यातून एक सरळ हिशेब निघतो. ओळ पूर्ण क्रियापदावर संपत असेल तर तिथला पूर्णविराम बहुतेक वेळा जादा असतो. क्रियापद नसलेली ओळ असेल, किंवा ‘करून’, ‘जात’, ‘येता’ अशा अर्धवट रूपावर थांबली असेल, तर चिन्ह नसताना ती खालच्या ओळीकडे झुकते. तुम्हाला झुकलेली हवी की थांबलेली, हे ठरवायची जागा तीच.

पायरी पहिली: मजकूर शाळेतल्यासारखा पूर्ण विरामचिन्हांत लिहा

उदाहरण चोपडा-शिरपूरकडचं घेऊ. रात्री वादळ होतं, केळीची बाग आडवी होते. सांगणारी मुलगी आहे.

रात्री वारा सुटला. आबा उठले, बॅटरी घेतली, बागेकडे गेले. मी दारात उभी होते. आई म्हणाली, “जाऊ दे त्यांना.” सकाळी बाग आडवी, घड चिखलात, आबा बांधावर. म्हणाले, “आज काय भाव आहे?”

ही अजून कविता नाही. पण इथून सुरुवात केली की आपण काय काढतोय हे आपल्याला माहीत असतं. पहिल्यापासून चिन्हांशिवाय लिहिणाऱ्याला कित्येकदा स्वतःलाच ठाऊक नसतं, की ‘सकाळी’ हा शब्द वरच्या वाक्याचा आहे की खालच्या. आपण ज्या अर्थाने लिहिलं तोच डोळ्यांपुढे असतो, त्यामुळे दुसरा अर्थ दिसत नाही. वाचणाऱ्याला मात्र तोच आधी दिसतो.

आता यातल्या पूर्ण क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ ओढा: सुटला, उठले, घेतली, गेले, होते, म्हणाली, जाऊ दे, म्हणाले, आहे. ‘सकाळी’ पासून ‘बांधावर’ पर्यंत एकही क्रियापद नाही, हेही टिपून ठेवा.

पायरी दुसरी: आधी ओळी मोडा, चिन्हं मग काढा

ओळीचा शेवट हा स्वतःच एक थांबा आहे. साधारण स्वल्पविरामाएवढा, कधी त्याहून थोडा कमी. ओळीच्या टोकाला स्वल्पविराम ठेवला की एकाच जागी दोनदा थांबल्यासारखं होतं आणि कविता लंगडते. म्हणून ओळी पाडून झाल्यावर ओळीच्या टोकाचे स्वल्पविराम सगळे उडवा आणि मोठ्याने वाचा. जिथे खरोखर अडखळलात तिथेच परत विचार करा.

रात्री वारा सुटला
आबा उठले
बॅटरी घेतली
बागेकडे गेले
मी दारात उभी होते
आई म्हणाली
जाऊ दे त्यांना
सकाळी
बाग आडवी
घड चिखलात
आबा बांधावर
म्हणाले
आज काय भाव आहे

इथे चिन्हं सगळी गेली आहेत. कविता चालते का? बरीचशी चालते, क्रियापदांमुळे. पण तीन जागा अशा आहेत जिथे चिन्ह गेल्याने काहीतरी बदललं. तिन्ही वेगळ्या जातीच्या आहेत, म्हणून एकेक पाहू.

पहिली जागा: ‘सकाळी’

‘जाऊ दे त्यांना / सकाळी / बाग आडवी’. ‘सकाळी’ वर लावला तर आई म्हणतेय, सकाळी जाऊ दे. खाली लावला तर दुसरा दिवस उजाडला आहे. शब्द दोन्हीकडे लागतो, आणि चिन्हं काढणारे पुष्कळ जण अशा जागी खूश होतात: वा, दोन अर्थ निघाले! थांबा. वरचा अर्थ कवितेत खरा आहे का? आबा तर रात्रीच निघून गेलेत, दोन ओळी आधी. आई आता ‘सकाळी जाऊ दे’ म्हणूच शकत नाही. म्हणजे वाचणारा आधी चुकीच्या वाटेला जातो, मग परत येतो, आणि हाती काही लागत नाही. ही संदिग्धता नाही, नुसती ठेच आहे.

माझी कसोटी एवढीच: दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही त्या कवितेत खरे असले पाहिजेत. एक जरी खोटा असेल तर जागा दुरुस्त करा.

दुरुस्तीसाठी पूर्णविरामच हवा असं नाही. ‘त्यांना’ नंतर पूर्णविराम ठेवला तर काम होतं, पण बाकी कवितेत एकही चिन्ह नसताना तो उगाच टोचतो, जणू आईचंच वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. ‘सकाळी’ च्या आधी एक ओळ मोकळी सोडली तर रात्र आणि सकाळ आपोआप वेगळी होतात, चिन्हही लागत नाही. इथे मी मोकळी ओळ घेईन.

दुसरी जागा: ‘गेले’

ही जागा मराठीच देऊ शकते, आणि हिच्यासाठीच मी सांगणारी मुलगी घेतली.

‘बागेकडे गेले’. कोण गेले? आबा. आदरार्थी बहुवचन. पण ‘गेले’ हे रूप बाईच्या तोंडी प्रथमपुरुषीही असतं: मी गेले. गद्यात ‘गेले’ नंतर पूर्णविराम होता, त्यामुळे दुसरा अर्थ मनातही आला नाही. आता तो पूर्णविराम नाही आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द आहे ‘मी’. ओळ अशी मोडून पाहा:

आबा उठले
बॅटरी घेतली
बागेकडे गेले
मी
दारात उभी

वाचणारा ‘बागेकडे गेले मी’ असं क्षणभर वाचतो. पोर बापामागे बागेकडे गेली. मग ‘दारात उभी’ येतं आणि कळतं, ती जागची हललीच नाही. हा चकवा मघासारखा रिकामा नाही. मुलगी मनाने गेलेलीच होती. दोन्ही वाचनं खरी आहेत. पूर्णविराम ठेवला असता तर कविता व्याकरणाने स्वच्छ राहिली असती आणि ही मनाने जाणारी मुलगी तिच्यात नसती.

हे घडतं कसं तेही पाहून ठेवा, म्हणजे स्वतःच्या कवितेत अशी जागा सापडेल. मधली ओळ ‘बॅटरी घेतली’ अशी आहे. ‘घेतली’ हे रूप बॅटरीप्रमाणे चालतं. बॅटरी कुणी घेतली हे त्यावरून कळत नाही. तिथे ‘आबा’ थोडे पुसट होतात, आणि म्हणूनच ‘गेले’ दुसऱ्या माणसाकडे सरकू शकतं. मधली ओळ काढून ‘आबा उठले बागेकडे गेले’ असं सलग ठेवा, चकवा निम्म्याने कमी होतो. ‘उभी होते’ मधलं ‘होते’ मी काढलं तेही यासाठीच. ते पूर्ण क्रियापद ओळ बंद करत होतं.

हीच कविता मुलगा सांगत असता तर ‘मी दारात उभा’ आलं असतं. तेव्हा ‘गेले मी’ हे वाचन जवळजवळ तयारच होत नाही, कारण मुलगा ‘गेलो’ म्हणतो. मग तिथला पूर्णविराम काढून काही मिळवलं नाही आणि ठेवून काही गमावलं नाही. चिन्हाचा निर्णय असा एकेका जागेवरच होतो. ‘मी विरामचिन्हं वापरत नाही’ हे नुसतं धोरण झालं.

तिसरी जागा: शेवटचा प्रश्न

बाग झोपली आहे, घड चिखलात आहेत, आणि आबा विचारतात आज काय भाव आहे. प्रश्नचिन्ह ठेवलं तर आवाज वर जातो आणि समोर कुणीतरी उत्तर देणारं लागतं. मराठीत ‘काय’, ‘का’, ‘कुठे’ हे शब्द प्रश्न आधीच सांगून जातात, म्हणून प्रश्नचिन्ह काढलं तरी प्रश्न प्रश्नच राहतो, फक्त आवाज सपाट होतो. हीसुद्धा एक सोय आहे. एकच अपवाद लक्षात ठेवा: ‘तू येणार’, ‘जेवलास’ असे नुसत्या सुरावर चालणारे प्रश्न. तिथे चिन्ह काढलं की प्रश्नच नाहीसा होतो, विधान उरतं.

काही जण इथे ‘आज काय भाव आहे...’ असं लिहितील. या तीन ठिपक्यांबद्दल पुढे बोलतो.

मी इथे पूर्णविराम ठेवीन. सगळ्या कवितेतलं एकमेव चिन्ह, आणि तेही प्रश्नाच्या शेवटी. प्रश्नावर पूर्णविराम म्हणजे आवाज खाली जातो; विचारणाऱ्याला उत्तर नको आहे, त्याला ते ठाऊक आहे. आधी कुठेही चिन्ह नसल्यामुळे हा एक ठिपका दिसतो. तेरा पूर्णविरामांतला तेरावा असता तर दिसला नसता. यावरून एक नियम धरायला हरकत नाही: एका कवितेत एकच रीत चालवा, आणि मोडायची तर एकदाच मोडा, जिथे सगळ्यांत जास्त गरज आहे तिथे. दोन-तीनदा मोडली की वाचणाऱ्याला वाटतं छपाईत राहून गेलं.

अवतरणचिन्हांऐवजी बोली

आईचं आणि आबांचं बोलणं मी अवतरणचिन्हांत ठेवलेलं नाही. ‘म्हणाली’, ‘म्हणाले’ आहेतच. पण आपल्याकडे याहून चांगली सोय आहे. सांगणं प्रमाण मराठीत आणि बोलणं घरच्या बोलीत ठेवलं, तर भाषा बदलली की माणूस बोलू लागलं हे आपोआप कळतं. अवतरणचिन्ह उघडायलाही नको, मिटायलाही नको. अहिराणीत ‘जाऊ दे त्यास्ले’, ‘आज काय भाव शे’. तुमच्या घरी तावडी बोलत असतील, लेवा गणबोली बोलत असतील, तर तिथे जसं म्हणतात तसंच लिहा. ही सोय त्या बोलीतच चालते. मात्र सगळी कविताच बोलीत असेल तर हा फरक उरत नाही, आणि मग बोलणं वेगळं दाखवायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. निदान ‘म्हणे’ तरी.

सगळं जमवून कविता अशी होते:

रात्री वारा सुटला
आबा उठले
बॅटरी घेतली
बागेकडे गेले
मी
दारात उभी
आई म्हणाली
जाऊ दे त्यास्ले

सकाळी
बाग आडवी
घड चिखलात
आबा बांधावर
म्हणाले
आज काय भाव शे.

आणखी एक जागा राहिली. ‘आबा बांधावर / म्हणाले’ इथे ‘बांधावर’ वर थांबायचं की ‘बांधावर म्हणाले’ असं सलग वाचायचं? दोन्ही वाचनं खरी आहेत, दोन्हींत आबा बांधावरच आहेत. सोडून द्या. प्रत्येक जागेवर कुंपण घालायची गरज नसते.

तीन ठिपके, उद्गारचिन्ह, आडवी रेघ

तीन ठिपक्यांबद्दल माझं मत कडवट आहे. नव्या मराठी कवितेत यांच्याइतका गैरवापर दुसऱ्या कशाचा होत नसेल. ओळ अपुरी वाटली, भावना सांगता आली नाही, की ठिपके. ठिपक्यांचं खरं काम दोनच जागी आहे: बोलणारा खरोखर मध्येच थांबला, किंवा मजकूर गाळला आहे. वहीतले सगळे ठिपके झाकून ओळ वाचा. अर्थ तोच राहत असेल तर ते नको होते. अर्थ कमी पडत असेल तर तिथे शब्द हवा होता. आणि मुक्तछंदात ओळीचा शेवट आहेच की बोलणं तोडायला! ‘जाऊ दे’ वर ओळ मोडली की ती ठिपक्यांशिवायही लोंबकळते.

उद्गारचिन्ह हाकेपुरतं ठीक. पण हाक लांबवायला आपल्याकडे जास्त नेमकी खूण आहे, अवग्रह: ‘आबाऽऽ’. उद्गारचिन्ह जोर सांगतं, अवग्रह लांबी सांगतो. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला मारलेली हाक अवग्रहानेच लिहावी. एक अवग्रह आणि दोन यांत फरक ऐकू येतो, पण तिसऱ्यापुढे फक्त शाई वाढते.

आडवी रेघ दोन प्रकारची असते. छोटी जोडते, ‘माय-बाप’. मोठी तोडते, बोलणं मध्येच वळलं हे दाखवते. फोनवर बहुतेक जण दोन्हीकडे छोटीच टाकतात आणि तिच्या एका बाजूला जागा सोडतात, दुसऱ्या बाजूला सोडत नाहीत. मग वाचणाऱ्याला कळत नाही की दोन शब्द जोडलेत की तोडलेत. मोठी रेघ हवी तर ‘—’ हीच टाका. फोनवर छोटी रेघ दाबून धरली की बऱ्याच कीबोर्डांवर ती मिळते.

अपूर्णविराम, म्हणजे उभे दोन ठिपके, मराठी कवितेत जपून. शब्दाला चिकटला की विसर्गासारखा दिसतो. ‘दुःख’ मधला विसर्गही कित्येक जण अपूर्णविराम टाकूनच लिहितात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्याला दोन्हीची गल्लत करायची सवयच आहे. ओळ तिथेच मोडली तर हे चिन्ह लागतही नाही.

कॅपिटल नाही, मग जोर कसा द्यायचा

इंग्रजीत ‘मी’ साठीचं अक्षर नेहमी कॅपिटल असतं. ई. ई. कमिंग्ज या अमेरिकन कवीने ते मुद्दाम छोटं लिहिलं, आणि तेवढ्यानेच बोलणारा माणूस लहान झाला. आपल्याकडे काही पोरं हे पाहून इंग्रजी शब्द रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत, मराठी कवितेत पेरतात. त्याने काही होत नाही, कारण देवनागरीच्या मजकुरात मोठं अक्षर आधीपासून नव्हतंच; न मोडलेला नियम मोडल्याचा आव तेवढा येतो.

मराठीत ‘मी’ लहान करायची रीत वेगळी आहे: तो गाळायचा. आपलं क्रियापद माणूस पोटात घेऊन येतं. ‘दारात उभी होते’ म्हटलं की ‘मी’ न लिहिताही कळतो. सगळी कविता ‘मी’ शिवाय लिहून एकाच जागी तो आणला, आणि एकट्याला एका ओळीवर बसवला, तर तो आपलं कॅपिटल अक्षर झाला. वरच्या कवितेत ‘मी’ एकदाच आहे, आणि एकटा आहे.

कॅपिटल नसल्याचा दुसरा फायदा नावांत आहे. ‘आशा गेली’, ‘वर्षा आली नाही’, ‘छाया दारात’. इंग्रजीत ओळीच्या मध्ये हे शब्द आले तर ती बाई आहे की नुसता शब्द, हे अक्षराच्या आकारावरून ठरून जातं. मराठीत ते उघडं राहतं. पुन्हा कसोटी तीच: दोन्ही अर्थ कवितेत खरे असतील तरच ही सूट घ्या. दुष्काळावरच्या कवितेत वर्षा नावाची मुलगी फक्त श्लेषासाठी आणली असेल तर वाचणारा ते लगेच ओळखतो.

तुमच्या कवितेचा कुणी इंग्रजीत अनुवाद करत असेल, तर मात्र हा प्रश्न समोर येतोच. प्रत्येक ओळीची सुरुवात कॅपिटलने करायची, फक्त वाक्याची, की कुठेच नाही, हे अनुवादकाला विचारून ठरवा. वरच्या कवितेत प्रत्येक ओळ कॅपिटलने सुरू झाली तर ‘मी’ चं एकटेपण जातं, आणि वाक्यागणिक कॅपिटल दिली तर ‘गेले मी’ चा चकवा मुळातच बंद होतो. इथे सगळी छोटी अक्षरं मागणं योग्य ठरेल. टाइप करताना प्रोग्रॅम प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, ती सोय आधी बंद करायला सांगा.

छापायला देताना

इतका विचार करून ठेवलेली किंवा काढलेली चिन्हं पुढच्या हाताला चूक वाटतात. हे जुनं दुखणं आहे. एमिली डिकिन्सनच्या कविता तिच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये छापताना संपादकांनी तिच्या आडव्या रेघा काढून नेहमीची विरामचिन्हं घातली. रेघा परत आणणारी संपूर्ण आवृत्ती यायला १९५५ उजाडलं. तिला विचारायला ती नव्हती. तुम्ही आहात, तेव्हा कवितेच्या वर दोन वाक्यं लिहून द्या: विरामचिन्हं मूळ प्रतीप्रमाणे ठेवावीत. शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम आहे, तो मुद्दाम आहे. दुसरं वाक्य महत्त्वाचं. नुसतं ‘मूळ प्रतीप्रमाणे’ म्हटलं तरी मुद्रितशोधक स्वच्छ मनाने ती एक ‘चूक’ सुधारतोच.

फोनवर टाइप करत असाल तर स्पेस दोनदा दाबल्यावर आपोआप पूर्णविराम पडतो का ते बघा आणि पडत असेल तर सेटिंगमधून बंद करा. चिन्हांशिवायच्या कवितेत असा एक आगंतुक ठिपका पुरतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर अवग्रह, मोठी रेघ आणि अवतरणचिन्हं एकेक करून तपासा. घोटाळा झाला तर बहुधा यांतच होतो, अक्षरं बरोबर आलेली असतात आणि म्हणून नजर चुकते.

लांब ओळींची कविता असेल तर ती अरुंद पडद्यावर एकदा पाहा. पडद्याने मोडलेली ओळ आणि तुम्ही मोडलेली ओळ सारखीच दिसते. विरामचिन्हं असलेल्या कवितेत वाचणारा त्यातून मार्ग काढतो, नसलेल्या कवितेत तो चुकीच्या जागी थांबतो आणि दोष कवितेला देतो. पुस्तकात यावर उपाय असतो, ओळीचा उरलेला भाग थोडा आत सरकवून छापतात. फोनवर तो नाही. तेव्हा चिन्हं काढायची असतील तर ओळी आखूड ठेवा, आणि ओळी लांबच हव्या असतील तर चार चिन्हं परत घ्या.

शेवटचं वाचन स्वतः करू नका. कविता आधी न ऐकलेल्या माणसाला कागद द्या, मोठ्याने वाचायला सांगा, आणि तुम्ही हातात दुसरी प्रत घेऊन तो थांबेल तिथे खूण करा. वाचून झाल्यावर समजावून सांगू नका. तुमचे थांबे आणि त्याचे थांबे जिथे जुळत नाहीत त्या जागा समोर दिसतील. त्यातल्या कोणत्या तुम्हाला हव्या होत्या आणि कोणत्या नुसत्या ठेचा आहेत, हे ‘सकाळी’ आणि ‘गेले’ ची कसोटी लावून ठरवा, आणि मगच पेन उचला.